‘जीर्णोद्धार झाला’ म्हणजे नक्की काय झालं? फलकावरच्या शब्दांचा एक छोटा इतिहास

मागच्या लेखात मी अभिलेखागारातल्या नोंदी कशा घ्यायच्या यावर लिहिलं होतं. आज विषय वेगळा आहे, पण माझ्या प्रबंधाच्या अगदी मध्यावर बसलेला: जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल मराठीत लिहिताना शब्द कुठून आणायचे, आणि सोपा शब्द घेतला की अर्थ सैल होतो का?

सुरुवात एका फलकापासून करते. गावाचं नाव देत नाही, आणि पुढे येणारे आकडेही थोडे बदलले आहेत. यादवकाळातलं काळ्या दगडाचं देऊळ, त्यावर पेशवाईत विटा-चुन्यात बांधलेलं शिखर, आणि भोवती त्याच सुमाराची प्राकाराची भिंत. काही वर्षांपूर्वी तिथे काम झालं. कामाचा अहवाल इंग्रजीत, आणि त्यावरून तयार केलेला मराठी मजकूर माझ्याकडे ‘शुद्धलेखन तपासायला’ आला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं:

‘सदर स्मारकाच्या अधिष्ठानाचे यथास्थिती संवर्धन करण्यात आले असून सभामंडपाचा व शिखराचा जीर्णोद्धार पूर्ण करण्यात आला आहे.’

शुद्धलेखनात चूक नव्हती. मी तो कागद घेऊन देवळात गेले आणि पारावर बसलेल्या एका आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “जीर्णोद्धार झाला म्हणता, मग नवीन काय केलं? आमच्या शेजारच्या गावात जीर्णोद्धार झाला तर खाली फरशी, वर स्लॅब आणि रंग. आम्हीपण वर्गणी काढायची का?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. फलक चुकत होता.

शब्द जुना, अपेक्षा वेगळी

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून आलेला नाही. तो आधीपासून होता, आणि त्याच्यामागे एक पूर्ण विचार होता. ‘मयमत’सारख्या शिल्पग्रंथात जुन्या देवालयाच्या दुरुस्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. त्या विचारात टिकवायचं असतं ते देवाचं तिथलं असणं आणि पूजा. दगड, वीट, लाकूड ही त्याची साधनं. साधन जीर्ण झालं तर ते बदलणं हा दोष नाही, उलट पुण्याचं काम आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं, ते नवं बांधकाम होतं. तरी मराठीत आपण त्याला जीर्णोद्धारच म्हणतो, आणि त्या शब्दाच्या अर्थाने ते बरोबरही आहे.

आता दुसऱ्या बाजूला इंग्रजीतलं ‘रिस्टोरेशन’ बघा. एकोणिसाव्या शतकात युरोपात याच शब्दावरून मोठं भांडण झालं. फ्रान्समधला व्हिओले-ल-द्यूक इमारतीला तिचं ‘पूर्ण’ रूप द्यायच्या बाजूचा होता, मग ते रूप पूर्वी कधी तसंच्या तसं उभं होतं की नाही हा प्रश्न दुय्यम. इंग्लंडमध्ये रस्किनने त्याविरुद्ध लिहिलं, आणि १८७७ साली विल्यम मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्थाच काढली. तिचं म्हणणं असं की जुन्या इमारतीची रोजची डागडुजी करा, तिला पुन्हा तरुण करायला जाऊ नका. भारतात पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांची संवर्धनाची नियमपुस्तिका १९२३ साली निघाली, ती याच दुसऱ्या विचाराची. मात्र पूजा-नमाज चालू असलेल्या वास्तूंमध्ये थोडी जास्त सूट द्यावी लागेल, हे मार्शलनाही दिसलं होतं. पुढे १९६४च्या व्हेनिस सनदेने सीमारेषा स्पष्ट केली: पुरावा संपून अंदाज सुरू झाला की थांबायचं.

म्हणजे एका बाजूला देव टिकवणारा शब्द, दुसऱ्या बाजूला दगड टिकवणारा शब्द. कोशात दोन्ही समोरासमोर बसतात, देवळात बसत नाहीत. ‘जीर्णोद्धार’ लिहिलं की वाचणारा नव्याची अपेक्षा करतो, आणि अहवाल लिहिणाऱ्याला नेमकं तेच सांगायचं नसतं.

बरं, मग ‘संवर्धन’ लिहू? सरकारी कागदात ‘जतन व संवर्धन’ ही जोडी इतकी पाठ झाली आहे की आपण ती वाचतही नाही. पण संवर्धन या शब्दात ‘वृध्’ आहे, वाढणं आहे. वृक्षसंवर्धन म्हणजे झाडं वाढवणं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. गडसंवर्धन म्हटलं की काही ठिकाणी टाक्यातला गाळ काढणं, काही ठिकाणी तटावरची झाडं तोडणं आणि काही ठिकाणी दरवाजाच्या रिकाम्या चौकटीत नवं सागवानी दार बसवणं, हे सगळं त्यात मावतं. तिन्ही कामं चांगल्या मनाने केलेली असतात, पण तिन्ही एकच काम नाही. मूळ दार कसं होतं याचा काही पुरावा नसेल, तर ते नवं दार अंदाजाने केलेलं आहे. पन्नास वर्षांनी आपल्यासारखाच कुणी संशोधक तिथे येईल आणि फलकावर ‘संवर्धन’ वाचून त्या दाराचं माप शिवकालीन म्हणून लिहून घेईल.

नामाऐवजी क्रियापद

या गुंत्यातून बाहेर पडायला मला मदत झाली ती ऑस्ट्रेलियातल्या बुरा सनदेची. १९७९ साली स्वीकारलेल्या आणि नंतर सुधारत नेलेल्या या सनदेत कामांचे प्रकार वेगळे केले आहेत, आणि फरक कशावरून करायचा तेही सांगितलं आहे. निकष साधा आहे: मूळ भाग हलवले का, आणि नवं साहित्य आलं का?

हे लक्षात आल्यावर प्रत्येक प्रकारासाठी भारी नाम शोधायची गरजच उरत नाही. हाताने काय केलं ते क्रियापदात सांगायचं. माझ्या वहीत सध्या असं आहे:

- आहे तसं ठेवून झीज थांबवली: ‘आहे तसं जपलं’
- नियमित साफसफाई, गवत काढणं, गळती बुजवणं: ‘देखभाल’, बारीकसारीक असेल तर ‘डागडुजी’
- पडायला आलेल्या भागाला तात्पुरता आधार: ‘टेकू दिला’
- पडलेले मूळ भाग शोधून त्यांच्याच जागी बसवले: ‘मूळ दगड परत जागेवर बसवले’
- पुराव्यावरून, पण नवं साहित्य आणून उभं केलं: ‘नव्याने बांधलं’

शेवटच्या दोन ओळींमधला फरक सगळ्यात महत्त्वाचा, आणि ‘जीर्णोद्धार’ नेमका तोच गिळून टाकतो. आता कुणी म्हणेल की हे शब्द फार घरगुती झाले. पण यात अचूकपणा कुठे कमी झाला? ‘मूळ दगड परत जागेवर बसवले’ या चार-पाच शब्दांत काय बसवलं, कुठलं बसवलं आणि कुठे बसवलं, तिन्ही आहे. ‘पुनःस्थापन’ या एका शब्दात यातलं एकही नाही, शिवाय ते मूर्तीचं की खांबाचं हा प्रश्न वेगळाच.

गवंड्याने पकडलेली चूक

मग मी फलकाचं वाक्य मोडून पुन्हा लिहायला बसले. त्यासाठी अहवालाच्या प्रत्येक क्रियापदापुढे चार प्रश्न लिहिले: कुठल्या भागाचं, कशाने, किती आणि कधी? अहवालात एके ठिकाणी ‘चुन्याने पॉइंटिंग केलं’ असं होतं. मराठी मजकुरात त्याचं ‘संधिपूरण’ झालं होतं. गवंडी याला ‘दरजा भरणं’ म्हणतात. दरज म्हणजे दोन दगडांमधली किंवा विटांमधली फट. मी लिहिलं, ‘देवळाच्या दरजा चुन्याने भरल्या’, आणि त्या कामावर असलेल्या एका वयस्कर गवंड्यांना वाचून दाखवलं.

ते हसले. म्हणाले, “ताई, देवळाच्या कुठं? ते कोरडं काम आहे. दगडावर दगड. त्यात चुना कधी नव्हताच, आम्ही कसा भरू? दरजा भरल्या त्या बाहेरच्या भिंतीच्या.”

अहवाल पुन्हा उघडला. खरंच, ते वाक्य प्राकाराच्या भिंतीच्या परिच्छेदात होतं. मराठी करताना परिच्छेद एकत्र केले गेले आणि काम देवळाला चिकटलं. ‘संधिपूरण’ शब्द होता तोवर ही चूक मला दिसली नाही, ज्यांनी भाषांतर केलं त्यांना दिसली नाही आणि तपासणाऱ्या दोघांनाही दिसली नाही. ‘दरजा भरल्या’ लिहिताच ज्याच्या हाताने काम झालं त्याला ती पहिल्या वाचनात दिसली.

आणि ही चूक किरकोळ नाही. कोरड्या बांधणीत दगड नीट घडवून, खाचा-कुसवांनी आणि स्वतःच्या वजनाने बसवलेले असतात. त्या फटींतून पाणी येतं आणि निघूनही जातं. तिथे उद्या कुणी फलक वाचून ‘पूर्वीही दरजा भरल्याच होत्या’ असं म्हणत सिमेंट घातलं, तर पाण्याची ती वाट बंद होईल. सिमेंट दगडाइतकं श्वास घेत नाही. ओल आत अडकते, क्षार कडेला साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. अशी चूक ओळखायची खूण म्हणजे फट शाबूत आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड खाल्लेला. विटा-चुन्याच्या भिंतीत मात्र दरजा वेळोवेळी भराव्याच लागतात, फक्त चुन्याने. एकाच देवळाच्या आवारात दोन बांधण्या, दोन औषधं.

सोपा शब्दही फसवतो

इथपर्यंत वाचून असं वाटेल की लोकांचा शब्द घेतला की काम झालं. तसंही नाही.

पहिलं उदाहरण ‘हेमाडपंती’. महाराष्ट्रात काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय बांधलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की आपण हा शब्द वापरतो. सोपा आहे, सगळ्यांना कळतो. पण हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा आहे, म्हणजे इ. स. १०६०. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीच्या, शिलाहारांच्या काळातल्या देवळाला हेमाडपंती म्हणायचं तर काळच उलटा होतो. या शब्दात बांधायची पद्धत आणि बांधणाऱ्याचा काळ अशा दोन गोष्टी गाठ मारून ठेवल्या आहेत. फलकावर ती गाठ सोडवायला हवी: ‘कोरड्या बांधणीचं देऊळ, अमुक शतकातलं’. अंबरनाथच्या शिखराची शैली भूमिज आहे, त्या शब्दाला मात्र घरगुती पर्याय नाही. तिथे शास्त्राचा शब्दच ठेवायचा आणि पुढे अर्ध्या वाक्यात सांगायचं की चारही बाजूंना उभे पट्टे आणि त्यांच्या मध्ये छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक असतात. वाचणारा मान वर करून बघतो, आणि शब्द तिथेच शिकतो.

दुसरं उदाहरण ‘कळस’. शास्त्रात गाभाऱ्यावरचा सगळा उंच भाग म्हणजे शिखर आणि त्याच्या टोकावरचा घट म्हणजे कळस. पण बोलताना आपण सगळ्या शिखरालाच कळस म्हणतो. आमच्या फलकाच्या एका मसुद्यात ‘कळसाचे काम केले’ असं होतं. गावात त्याचा अर्थ अख्खं शिखर नवं झालं असा घेतला गेला, आणि खरं काम होतं टोकावरचा घट पुन्हा पक्का करण्याचं. इथे बोलीतला शब्द नाही, शास्त्रातला फरक पाळायचा. तो दोन शब्दांनी पाळता येतो: ‘टोकावरचा कळस’.

जोतं आणि अधिष्ठान यांचंही तसंच. घराचं ते जोतं. देवळाचं घडीव थरांचं, नक्षी असलेलं जोतं म्हणजे अधिष्ठान. काम एखाद्या ठरावीक थरावर झालं असेल तर अधिष्ठान लिहावं लागतं. ‘दगड हलवलेले नाहीत’ एवढंच सांगायचं असेल तर जोतं पुरतं.

मी स्वतःसाठी ठरवलेला नियम इतकाच: वस्तूला बोलीत स्वतःचं, एकाच अर्थाचं नाव असेल तर ते घ्यायचं. नाव असेल पण दोन अर्थांचं असेल तर त्याला विशेषण लावायचं. नावच नसेल तर शास्त्राचा शब्द ठेवून तिथल्या तिथे समजवायचा.

कायद्याच्या कागदात मात्र जपून

फलकावर शब्द बदलायची जेवढी मोकळीक आहे तेवढी सूचनेत किंवा नोटिशीत नाही. तिथे शब्दाची व्याख्या कायद्याने केलेली असते आणि ती रोजच्या अर्थाशी जुळेलच असं नाही. केंद्र सरकारच्या १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली मोठी सुधारणा झाली. त्यानुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिषिद्ध क्षेत्र आणि त्याच्या पुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. गावात मला ‘दोनशे मीटरचा नियम’ असंच ऐकायला मिळालं, आणि लोक तो देवळाच्या भिंतीपासून मोजत होते. दोन्ही चुका आहेत. मोजायचं संरक्षित हद्दीपासून, आणि एकूण पट्टा ३०० मीटरचा आहे, कारण दुसरे २०० पहिल्या १०० नंतर सुरू होतात.

याहून मोठी अडचण ‘दुरुस्ती’ या शब्दात आहे. कायद्यात दुरुस्ती व नूतनीकरण, पुनर्बांधणी आणि बांधकाम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घर पाडून त्याच लांबी-रुंदी-उंचीचं पुन्हा उभं केलं तर ती पुनर्बांधणी. उभ्या घरात बदल केले तर दुरुस्ती व नूतनीकरण. पहिल्या १०० मीटरमध्ये १६ जून १९९२च्या आधीच्या घराच्या दुरुस्तीसाठी परवानगी मागता येते, पुनर्बांधणीसाठी ती वाट नाही. आता आपल्या बोलण्यात काय असतं? “यंदा घराची दुरुस्ती काढलीय,” असं म्हणणारा माणूस पुष्कळदा जुन्या मातीच्या भिंती उतरवून त्याच जागी विटांच्या बांधत असतो. त्याच्या लेखी ती दुरुस्ती, कायद्याच्या लेखी पुनर्बांधणी. नोटीस आली की त्याला वाटतं आपली फसवणूक झाली.

म्हणून सूचनेत मी कायद्याचा शब्द बदलत नाही, पण त्याला एकटा सोडतही नाही. ‘प्रतिषिद्ध क्षेत्र’ लिहून पुढे: ‘या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत. इथे नवं घर बांधता येत नाही आणि जुनं पाडून पुन्हा बांधता येत नाही. १६ जून १९९२च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी आधी परवानगी घ्यावी.’ शब्द तोच राहिला, त्यामुळे कागद कायद्याला धरून राहिला, आणि माणसाला काय करायचं नाही तेही कळलं.

शेवटी फलकावर काय गेलं

असं:

‘देवळाच्या जोत्याचे दगड हलवलेले नाहीत. सभामंडपाचे ११ खांब पडले होते. त्यांपैकी ९ मूळ खांब त्यांच्याच जागी पुन्हा उभे केले आहेत. उरलेले २ फुटले होते, म्हणून त्या जागी नवे खांब घडवले. नव्या खांबांच्या तळाशी वर्ष कोरले आहे. शिखर विटा आणि चुन्याचे, पेशवेकाळातले आहे. त्याचा निघालेला गिलावा चुन्यानेच पुन्हा केला आणि टोकावरचा कळस पक्का केला. बाहेरच्या भिंतीच्या दरजा चुन्याने भरल्या. देऊळ कोरड्या बांधणीचे आहे. त्यात चुना किंवा सिमेंट भरू नये.’

मूळ वाक्यापेक्षा हा मजकूर लांब आहे, आणि त्यावरून थोडी कुरकूरही झाली. पण त्यात अहवालातला एकही मुद्दा गाळलेला नाही, उलट एक चूक कमी झाली आहे.

तुमच्यापैकी ज्यांना असं काम करायचं आहे त्यांच्यासाठी माझ्या नोंदीची पद्धत सांगते. शब्द ऐकला की तो एकटा लिहायचा नाही. कोणी वापरला (गवंडी, पाथरवट, गुरव, अभियंता), कुठल्या तालुक्यात, आणि बोलताना बोट कुठल्या वस्तूकडे होतं, हे तिन्ही लिहायचं. शक्य असेल तर त्या वस्तूचा फोटो. बोट दाखवल्याशिवाय मिळालेला शब्द मी फलकात घेत नाही, कारण तोच शब्द दुसऱ्या खोऱ्यात दुसऱ्या वस्तूचा असू शकतो. आणि मसुदा झाला की तो ज्याने काम केलं त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा.

फलक लागल्यावर पारावरचे आजोबा पुन्हा भेटले. त्यांनी तो वाचला, मंडपात गेले, खाली वाकून खांबांचे तळ बघत फिरले आणि वर्ष कोरलेला एक नवा खांब शोधून काढला. मग मला हाक मारून विचारलं, “दुसरा कुठंय?”